विश्लेषण : चिक्कीचा डबा ५०० वरून ४०० ग्रॅमवर आला, तर ऑनलाइन यादीत काय बदलायचे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी पुण्यातल्या एका महिला मंडळाने लोणावळ्याच्या चिक्की विक्रेत्याला मोबाइलवरून ऑर्डर दिली, असे समजा. मजकूर एका ओळीचा : ‘मागच्या वर्षीसारखेच २० डबे शेंगदाणा चिक्की.’ मागच्या वर्षी डबा ५०० ग्रॅमचा होता. २० डब्यांत १० किलो चिक्की आली आणि प्रत्येकी ५० ग्रॅमप्रमाणे २०० जणींना पुरली. मधल्या काळात उत्पादकाने डबा ४०० ग्रॅमचा केला. विक्रेत्याने ऑनलाइन यादीतला फोटो बदलला, किंमत बदलली, वर्णनात ४०० ग्रॅम असे लिहिलेही. ऑर्डर देणारीने ते वाचले नाही, कारण तिने यादी उघडलीच नव्हती. डबे २० आले, चिक्की आठ किलो आली आणि कार्यक्रमात ४० जणींना काही उरले नाही.

यात विक्रेत्याने काही लपवले नव्हते. वजन डब्यावर छापलेले होते, यादीतही होते. तरी ग्राहकाची भावना फसवणुकीचीच राहते आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसऱ्या दुकानाला जाते. माल बदलल्यावर यादी ‘अपडेट’ करणे म्हणजे जुन्या नोंदीवर नवी माहिती चढवणे, अशी समजूत लोणावळा-मावळ पट्ट्यातल्या लहान विक्रेत्यांमध्येच नव्हे, मोठ्या ऑनलाइन दुकानांतही आहे. अनेकदा हीच समजूत घोटाळ्याचे मूळ असते.

नवा ग्राहक आणि जुना ग्राहक यांत फरक काय?

नवा ग्राहक यादी वाचतो. फोटो मोठा करून पाहतो, वजन पाहतो, दोन दुकानांचे भाव ताडून बघतो. जुना ग्राहक यातले काहीही करत नाही. तो ‘पुन्हा ऑर्डर करा’ हे बटण दाबतो, जुन्या चॅटमधला फोटो पुढे पाठवून ‘हेच पाठवा’ म्हणतो किंवा फोन करून डब्यांची संख्या सांगतो. त्याने वाचण्याचे काम पहिल्या खरेदीच्या वेळी एकदा केलेले असते आणि आता तो विश्वासावर चालतो. म्हणून वर्णनाच्या चौथ्या ओळीत केलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

यातून एक साधी कसोटी निघते. ग्राहकाने काहीही न वाचता मागची ऑर्डर जशीच्या तशी दिली, तर त्याला अपेक्षित वस्तू तेवढ्याच प्रमाणात मिळेल का? उत्तर ‘हो’ असेल तर जुनी नोंद ठेवून फोटो आणि मजकूर बदलावा. उत्तर ‘नाही’ असेल तर जुनी नोंद विक्रीसाठी बंद करून नवी उघडावी. ही न वाचता दिलेली ऑर्डर कुठेतरी अडली पाहिजे. ती अडली तरच ग्राहक थांबून वाचतो.

फक्त वेष्टन बदलले तर?

लोणावळ्याच्या पावसात चिक्कीचा पहिला शत्रू म्हणजे हवेतला ओलावा. गूळ आणि साखर दोन्ही ओल धरतात. हवाबंद नसलेल्या डब्यातली चिक्की जुलै-ऑगस्टमध्ये चिकट होते, कुरकुरीतपणा जातो. त्यामुळे पुठ्ठ्याच्या डब्याऐवजी आतून पदर असलेले, उष्णतेने सील केलेले पाऊच वापरावे, असे उत्पादकाने ठरवले तर तो शहाणपणाचाच बदल आहे. वजन तेच, घटक तेच, उत्पादक तोच. जुन्या ग्राहकाने न वाचता ऑर्डर दिली तरी त्याचे काही बिघडत नाही. इथे नवी नोंद उघडणे चूक ठरेल, कारण एकाच वस्तूच्या दोन नोंदी दिसल्या की ‘यातली खरी कोणती’ हा प्रश्न उभा राहतो.

लोणावळ्यात हा प्रश्न जास्तच नाजूक आहे. बाजारपेठेत आणि महामार्गालगत चिक्कीची इतकी दुकाने आहेत आणि त्यांची नावे व रंगसंगती एकमेकांच्या इतकी जवळ जातात, की बाहेरगावचा ग्राहक दुकान ओळखतो ते बऱ्याचदा डब्यावरूनच. डबा बदललेला दिसला की त्याच्या मनात पहिली शंका येते ती नकली मालाची. म्हणून वेष्टन बदलताना पहिला फोटो नव्या पाऊचचा ठेवावा आणि दुसऱ्या फोटोत जुना डबा व नवा पाऊच शेजारी-शेजारी ठेवून दाखवावेत. त्या फोटोवरच लिहावे : ‘चिक्की तीच, वजन तेच, पाकीट नवे.’ वर्णनाची पहिली ओळही हीच असावी. जुने डबे शिल्लक असतील तोवर ‘सध्या दोन्ही वेष्टनांतला माल येऊ शकतो’ हे वाक्य ठेवावे आणि शेवटचा जुना डबा गेला, त्या दिवशी काढावे. हे वाक्य काढायला विसरणारे पुष्कळ. मग सहा महिन्यांनीही एखादा ग्राहक ‘मला जुना डबाच द्या’ म्हणत राहतो.

वजन बदलले तर?

इथे प्रकरण वेगळे होते. उत्पादक ५०० वरून ४०० ग्रॅमवर का येतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. दर वेळी ते नफेखोरीचेच असते असे नाही. ऑनलाइन विक्रीत कुरिअरचे दर अनेकदा अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात. ५०० ग्रॅम चिक्की, तिचा डबा आणि बाहेरचे खोके मिळून वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे भाडे एक किलोचे लागते. ४०० ग्रॅमचा डबा खोक्यासह अर्ध्या किलोत बसू शकतो. एकेक डबा घरपोच पाठवणाऱ्याला हा फरक मोठा असतो. शेंगदाणा आणि गूळ महागले म्हणून किंमत तीच ठेवून वजन उतरवणे, हे दुसरे कारण. ते तर बिस्किटांपासून साबणापर्यंत सगळीकडे दिसते. कारण कोणतेही असो, जुन्या ग्राहकाच्या हिशेबात डबा हे एकक असते आणि ते एककच बदललेले असते.

आकडे मांडून पाहू. जुना डबा ५०० ग्रॅमचा, किंमत २५० रुपये. नवा डबा ४०० ग्रॅमचा, किंमत २२० रुपये. यादीत फक्त किंमत पाहणाऱ्याला डबा ३० रुपयांनी स्वस्त झालेला दिसतो. प्रत्यक्षात जुना भाव किलोला ५०० रुपये होता, नवा ५५० आहे, म्हणजे दहा टक्के वाढ. मंडळाला १० किलोच हवे असतील तर आता २० नव्हे, २५ डबे लागतील आणि ५,००० ऐवजी ५,५०० रुपये पडतील. २० डबेच घेतले तर बिल ४,४०० रुपयांचे होईल, म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा कमी, आणि ऑर्डर देणारी व्यक्ती उलट खूश होईल. चिक्की वाटायला बसल्यावरच चूक कळेल. कमी झालेले बिल हाच इथला खरा सापळा आहे, कारण वाढलेले बिल माणसाला थांबवते तसे कमी झालेले थांबवत नाही.

म्हणून वजन बदलले की नोंद नवी हवी. जुनी नोंद पुसून टाकू नये. पुसली तर जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला रिकामे पान दिसते आणि दुकानच बंद झाले की काय असे वाटते. ती ‘उपलब्ध नाही’ अशी करावी आणि तिच्या नावातच लिहावे : ‘शेंगदाणा चिक्की ५०० ग्रॅम (बंद, आता ४०० ग्रॅममध्ये).’ नव्या नोंदीच्या नावातही वजन हवे, फक्त वर्णनात नको. मोबाइलच्या लहान पडद्यावर नावाचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, त्यामुळे वजन नावाच्या शेवटी टाकले तर ते कापले जाते. ‘शेंगदाणा चिक्की ४०० ग्रॅम’ हे आधी आणि ‘लोणावळा स्पेशल, खुसखुशीत, भेटवस्तूसाठी’ वगैरे सजावट नंतर.

मोठ्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. वीस-पंचवीस डबे एकाच खोक्यात जातात तेव्हा कुरिअरच्या टप्प्याचा फायदा जवळजवळ उरत नाही, कारण एकूण वजन तेवढेच राहते. तेव्हा हळदीकुंकू, शाळा, कार्यालये यांच्यासाठी एक किलोचे पॅक वेगळ्या नोंदीने ठेवणे विक्रेत्यालाही सोयीचे आणि ग्राहकालाही. किलोत मागणाऱ्याला डब्याचे गणित करावेच लागत नाही.

नियम काय सांगतात?

पॅकबंद वस्तूंसाठी देशात २०११ चे वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम लागू आहेत. त्यांतल्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार, १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पॅकबंद वस्तूचे निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क ही माहिती विक्रीच्या पानावरच दाखवावी लागते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष तेवढे यातून वगळले आहे. विक्रेता मोठ्या प्लॅटफॉर्मवर विकत असला तरी पानावरची माहिती खरी असण्याची जबाबदारी उत्पादक किंवा विक्रेत्यावर येते. म्हणजे पानावर ५०० ग्रॅम आणि घरी ४०० ग्रॅमचा डबा, असे एका दिवसापुरते झाले तरी ती ‘अपडेट करायचे राहिले’ एवढीच बाब राहत नाही. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. काही ठरावीक वस्तू ठरावीक वजनांतच पॅक करण्याचे बंधन काढून टाकले, आणि पाकिटावर प्रति एकक विक्री किंमत छापणे आणले. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रति ग्रॅम द्यायची असते. वरच्या उदाहरणात जुन्या डब्यावर प्रति ग्रॅम ५० पैसे आणि नव्यावर ५५ पैसे असे येईल. हिशेब बरोबर आहे, पण पाच पैशांचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तोच किलोच्या भाषेत ५०० आणि ५५० असा लिहिला की लगेच कळतो. नियमाने मागितलेला आकडा द्यावाच, शेजारी किलोचा भावही द्यावा. त्याला कोणाची मनाई नाही.

या नियमांची एक मर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे. ते आजचे वजन आणि आजचा भाव सांगायला लावतात. जुन्या ग्राहकाला मात्र कालचे वजनही समोर हवे असते. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून यावर उपाय केला. तिथे चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या किराणा दुकानांना, वस्तूचे वजन कमी होऊन तिचा किलोमागचा भाव वाढला असेल तर, जुने वजन, नवे वजन आणि भावातली वाढ सांगणारी पाटी त्या वस्तूजवळ दोन महिने लावावी लागते. लोणावळ्यातल्या विक्रेत्यावर अशी सक्ती नाही, पण पाटीचा नमुना उचलायला हरकत नाही. एका वाक्यात तिन्ही आकडे बसतात : ‘आधी ५०० ग्रॅम २५० रुपये, आता ४०० ग्रॅम २२० रुपये, किलोचा भाव ५०० वरून ५५०.’ शेवटचा आकडा लिहिताना हात अडखळतो हे खरे. पण तो गाळला की उरलेले वाक्य जाहिरातीसारखे वाचले जाते.

जुन्या प्रतिक्रियांचे आणि ताऱ्यांचे काय?

नवी नोंद करायला विक्रेते तयार नसतात त्याचे खरे कारण इथे आहे. जुन्या नोंदीखाली तीन-चार वर्षांत जमलेल्या प्रतिक्रिया असतात, साडेचार तारे असतात. नवी नोंद शून्यापासून सुरू होते आणि शोधात खाली जाते. लहान विक्रेत्यासाठी हे नुकसान खरे आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

तरीही जुनी नोंद नव्या वस्तूसाठी वापरणे योग्य नाही, कारण त्या प्रतिक्रिया दुसऱ्या वस्तूबद्दल असतात. ‘अडीचशे रुपयांत अर्धा किलो, पैसे वसूल’ ही प्रतिक्रिया ४०० ग्रॅमच्या डब्याखाली राहिली की ती खोटी ठरते, लिहिणाऱ्याने ती खरी लिहिलेली असूनही. अमेरिकेत या प्रकारावर कारवाई झाली आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘द बाउंटिफुल कंपनी’ या पूरक आहार विकणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. कंपनीने नवी उत्पादने अॅमेझॉनवर आपल्याच खपाच्या जुन्या उत्पादनांची ‘व्हेरिएशन’ म्हणून जोडली, त्यामुळे जुन्यांचे तारे आणि प्रतिक्रिया नव्यांना मिळाल्या, असा आरोप होता. प्रकरण सहा लाख डॉलरवर मिटले. चिक्कीच्या डब्याची तुलना त्या कंपनीशी करणे थोडे ताणलेले वाटेल, पण कृती तीच आहे.

प्रामाणिक मधला मार्ग आहे. चिक्की तीच असून फक्त वजन वेगळे असेल, तर अनेक प्लॅटफॉर्मवर एकाच पानावर वेगवेगळ्या वजनांचे पर्याय ठेवता येतात. २००, ४००, ५०० ग्रॅम आणि एक किलो असे चौकोन दिसतात आणि ग्राहकाला त्यांतला एक निवडावा लागतो. ४०० चा पर्याय नवा जोडावा आणि ५०० चा ‘उपलब्ध नाही’ म्हणून दिसत ठेवावा. चवीबद्दलच्या जुन्या प्रतिक्रिया त्या पानावर राहिल्या तर त्यात खोटे काही नाही, कारण चव तीच आहे. मात्र ५०० चा चौकोन उघडून त्यातला आकडाच ४०० करणे म्हणजे पुन्हा तोच घोळ. हा मार्ग घटक बदलल्यावर चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

व्हॉट्सअॅपवरच्या यादीत काय करायचे?

मावळातली बरीच घरगुती विक्री मोठ्या प्लॅटफॉर्मवर नाही, व्हॉट्सअॅप बिझनेसवर चालते. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या घरगुती उद्योगांचा इंद्रायणी तांदूळ, मसाले, पापड, चिक्की यांची यादी तिथल्या कॅटलॉगमध्येच असते. तिथे ‘बंद’ची पाटी लावण्याची वेगळी सोय नसली तरी नोंद लपवता येते आणि प्रत्येक वस्तूला स्वतःचा कोड देता येतो. हा कोडचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. तो भरावा आणि त्यात वजन असावे. जुन्या डब्याला `SHENG-500`, नव्याला `SHENG-400`. एकदा दिलेला कोड पुन्हा दुसऱ्या वस्तूला कधीही देऊ नये. दोन वर्षांनी ५०० ग्रॅमचा डबा वेगळ्या चवीत परत आला, तरी त्याला तिसरा कोड द्यावा.

बारकोडच्या जगात हाच नियम आहे. बारकोडचे आकडे ठरवणाऱ्या जीएस१ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकानुसार पाकिटावर जाहीर केलेले निव्वळ वजन बदलले की बारकोडचा क्रमांक नवा घ्यावा लागतो, आणि २०१९ पासून एकदा वापरलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला देता येत नाही. डब्यावर ८९० ने सुरू होणारा बारकोड असेल, तर वजन बदलल्यावर तो बदलला आहे का, हे विक्रेत्याने माल उतरवून घेतानाच पाहावे. लहान उत्पादक जुनाच बारकोड नव्या डब्यावर छापतात, असेही होते. मग काउंटरवर स्कॅन केल्यावर बिलावर जुने नाव आणि जुने वजन येते, किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर २५० की २२० अशा दोन किमती दाखवून विचारते आणि घाईत कोणतीही एक दाबली जाते. उत्पादकाकडून नवा बारकोड येईपर्यंत दुकानाने नव्या डब्यांवर आपला स्वतःचा कोड चिकटवावा.

पण व्हॉट्सअॅपवर खरी अडचण कॅटलॉगची नसते, चॅटची असते. जुन्या ग्राहकाच्या फोनमध्ये गेल्या वर्षीचा डब्याचा फोटो तसाच पडलेला असतो. तो बदलणे विक्रेत्याच्या हातात नाही. ‘हेच २० पाठवा’ असा निरोप त्या फोटोसकट आला की विक्रेत्याने ‘ओके’ लिहून मोकळे होऊ नये. उत्तर आधीच तयार ठेवावे, साधारण असे :

‘ताई, मागच्या वर्षी घेतलेला डबा ५०० ग्रॅमचा होता. आता तो ४०० ग्रॅमचा येतो, २२० रुपये. २० डब्यांत ८ किलो होईल. मागच्याइतके १० किलो हवे असेल तर २५ डबे लागतील, ५,५०० रुपये. २० पाठवू की २५?’

या उत्तरात प्रश्न आहे, आणि तोच महत्त्वाचा आहे. नुसती माहिती दिली तर समोरून अंगठा येतो आणि तो कशाला दिला हे कळत नाही. ‘२० की २५’ याला अंगठ्याने उत्तर देता येत नाही, आकडाच लिहावा लागतो.

सगळ्या ग्राहकांना एकदम कळवण्यासाठी ब्रॉडकास्ट यादी वापरली जाते. तिच्यावर अवलंबून राहणे धोक्याचे, कारण ज्यांनी दुकानाचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो निरोप जात नाही, आणि वर्षातून एकदा मागवणारे नेमके त्यातलेच असतात. त्यापेक्षा जुना डबा घेतलेल्यांच्या चॅटला ‘जुने ५००’ असे लेबल लावून ठेवावे. ऑर्डर आली की लेबल दिसते आणि वरचे उत्तर जाते. एकदा नवा डबा घेतला की लेबल काढून टाकायचे. शेवटी किती लेबले उरली, यावरून किती जणांना अजून सांगायचे आहे हेही कळते.

घटक किंवा मॉडेल बदलले तर?

इथे वजनापेक्षा कडक राहावे लागते. शेंगदाणा-गुळाची चिक्की उपवासाला चालते म्हणून घेणारी घरे पुष्कळ आहेत. उत्पादकाने गुळातला काही भाग कमी करून लिक्विड ग्लुकोज घातले, तर ते सहसा मक्याच्या स्टार्चपासून बनते आणि उपवास कडक पाळणाऱ्याला ते चालणार नाही. शेंगदाण्याच्या चिक्कीत काजूचा चुरा आला तर काजूची अॅलर्जी असलेल्याच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न होऊ शकतो. घटकांची यादी बदलली की नोंद नवी, प्रतिक्रिया नव्या, जुन्या पानावरून दुवा तेवढा. ‘नवी सुधारित चव’ एवढे लिहून भागवू नये. काय घातले आणि काय काढले, हे नावानिशी लिहावे.

यंत्रांच्या सुट्या भागांचेही असेच. लोणावळा-खंडाळ्यातल्या बंगल्यांचे केअरटेकर पाण्याच्या फिल्टरचे कार्ट्रिज वर्षातून एक-दोनदा मागवतात, तेही जुन्या बिलाचा फोटो पाठवून. ‘१० इंची’ म्हटल्यावर लांबी कळते, पण जाडी नाही. साधे कार्ट्रिज अडीच इंच व्यासाचे आणि जंबो साडेचार इंचांचे असते. उत्पादकाने मॉडेल बदलताना नाव तेच ठेवले आणि माप बदलले, तर चुकीचे कार्ट्रिज शनिवारी पाहुणे आल्यावर हाउसिंगमध्ये बसत नाही. अशा नोंदीत ‘जुन्या मॉडेलच्या जागी बसते’ किंवा ‘जुन्या हाउसिंगमध्ये बसत नाही’ यांपैकी एक वाक्य मापासकट हवेच. दोन्हींपैकी कोणते खरे, ते उत्पादकाच्या पत्रकावरून न ठरवता एक नग जुन्या हाउसिंगमध्ये बसवून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

जुना आणि नवा माल एकत्र असताना

बहुतेक चुका बदलाच्या आठ-पंधरा दिवसांत होतात. कपाटात जुने १२ डबे शिल्लक, नवे ६० आलेले, आणि यादी बदललेली. अशा वेळी जुने १२ डबे मोजून जुन्या नोंदीत तेवढाच साठा दाखवावा, नवी नोंद शेजारी उघडावी आणि एका ऑर्डरीत दोन्ही डबे मिसळू नयेत. २० डब्यांच्या ऑर्डरीत १२ जुने आणि ८ नवे गेले तर वजन होते नऊ किलो २०० ग्रॅम, आणि बिल कोणत्या दराने करायचे यावरून दुकानातच वाद होतो. जुने १२ डबे सुट्या ग्राहकांना द्यावेत. मोठी ऑर्डर पूर्ण जुन्या किंवा पूर्ण नव्या मालातूनच भरावी.

बदल नीट पोहोचला की नाही, हे कळण्याची एक खूण आहे. वजन पाचव्या हिश्शाने कमी झाले असेल, तर ठरावीक कार्यक्रमासाठी घेणाऱ्या जुन्या ग्राहकांच्या ऑर्डरीतले डबे वाढायला हवेत. वीसवाल्याने पंचवीस मागितले किंवा निदान ‘मग वीसच पुरे’ असे सांगितले, तर त्याने वाचले आहे. सगळ्यांचे आकडे मागच्यासारखेच येत राहिले आणि कोणी काही विचारलेही नाही, तर ती शांतता समाधानाची नसते. त्यांतल्या दोघा-तिघांना फोन करून विचारलेले बरे.

राहता राहिला प्रश्न ‘आधी ५००, आता ४००’ ही पाटी किती दिवस ठेवायची याचा. फ्रान्समधले दोन महिने दर आठवड्याला घेतल्या जाणाऱ्या किराण्यासाठी ठीक आहेत. चिक्कीचे पुष्कळ जुने ग्राहक वर्षातून एकदाच येतात, कोणी संक्रांतीला, कोणी दिवाळीला, कोणी मे महिन्याच्या सुटीत घाटातून जाताना. जानेवारीत बदल केला आणि मार्चमध्ये पाटी काढली, तर दिवाळीवाल्याला ती दिसणारच नाही. म्हणून ती पुढची संक्रांत उलटेपर्यंत ठेवावी आणि जुन्या नोंदीवरचा ‘आता ४०० ग्रॅममध्ये’ हा दुवा त्यानंतरही राहू द्यावा.